विमान रद्द झालं, रजा संपली: कार्यालयाला काय आणि कसं कळवायचं

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची विमानं देशभर एकामागून एक रद्द होत गेली. वैमानिकांच्या ड्यूटीचे आणि विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू झाले होते, आणि त्या नियमांनुसार वेळापत्रक चालवायला पुरेसे वैमानिक कंपनीकडे नव्हते. ५ डिसेंबरच्या शुक्रवारी तर एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली. सहलीला, लग्नाला, दर्शनाला गेलेली माणसं परक्या शहरात अडकली आणि सोमवारी त्यांना कामावर हजर व्हायचं होतं.

परभणीकराची अडचण यात आणखी एका पायरीने लांबते. जिल्ह्यात विमानतळ नाही. नांदेड जवळ आहे, छत्रपती संभाजीनगर आहे, पण लांबच्या प्रवासाला बहुतेकांना हैदराबाद, पुणे किंवा मुंबई गाठावीच लागते, आणि तिथून पुढे रात्रीची रेल्वे किंवा ट्रॅव्हल्स. म्हणजे विमान एका दिवसाने पुढे गेलं की हातातलं रेल्वेचं आरक्षणही जातं आणि परभणी आणखी लांब पडते. कार्यालयाला जी तारीख सांगायची ती विमान उतरण्याची नव्हे, खुर्चीत बसण्याची. पहिली गफलत इथेच होते.

हे एका उदाहरणावर नीट पाहू. समजा, परभणीतल्या एका सरकारी कार्यालयातला वरिष्ठ लिपिक कुटुंबासह आसाम-मेघालय फिरायला गेला आहे. (२ डिसेंबरला राज्यात नगरपरिषदांचं मतदान होतं, त्यामुळे निवडणूक कामावर नेमणूक असलेल्याला ही रजा मिळालीच नसती. आपला लिपिक त्यातून सुटलेला धरू.) सोमवार १ डिसेंबर ते शुक्रवार ५ डिसेंबर अशी पाच दिवसांची अर्जित रजा त्याने घेतली. मागचे-पुढचे शनिवार-रविवार जोडून घेण्याची आणि मुख्यालय सोडण्याची परवानगीही घेतली. परतीचं विमान ५ तारखेला गुवाहाटीहून हैदराबादला, तिथून रेल्वेने ६ ला परभणी, आणि सोमवारी ८ ला रुजू. ५ तारखेला सकाळी मोबाईलवर संदेश आला की उड्डाण रद्द. दुपारपर्यंत झटून कंपनीकडून पर्यायी जागा मिळाली, ती मंगळवार ९ डिसेंबरच्या विमानात.

मुळात अशा वेळी प्रवाशासमोर दोन वाटा असतात. पैसे परत घ्यायचे किंवा त्याच तिकिटावर पुढच्या विमानात जागा घ्यायची. पैसे घेतले की विमान कंपनीचा संबंध तिथेच संपतो, पुढचा प्रवास आणि पुढची तारीख तुमची तुम्ही शोधायची. पर्यायी जागा घेतली तर नव्या तिकिटावर नवी तारीख छापून येते, आणि कार्यालयाच्या फाईलमध्ये तो कागद बोलतो. नोकरदाराने हा फरक आधी लक्षात घ्यावा. स्वस्त पर्याय म्हणून पैसे परत घेऊन चार दिवस नातेवाइकांकडे राहिलेल्या माणसाला तो उशीर विमानाचा होता हे पटवणं अवघड जातं.

आता कळवायचं केव्हा? रद्द झाल्याचं समजलं त्याच दिवशी, नवी तारीख हातात नसली तरी. लोक इथे थांबतात. ‘नक्की ठरलं की सांगू’ म्हणून दोन दिवस काढतात आणि सोमवारी सकाळी, हजेरीच्या वेळी, साहेबांना फोन करतात. तोपर्यंत साहेबांनी कोणाला तरी ‘अमुक कुठे आहेत?’ असं विचारलेलं असतं. रजेची मुदतवाढ देणं हा वरिष्ठांच्या अधिकारातला विषय आहे, रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही, हे नियमातच आहे. म्हणून त्या अधिकाऱ्याला निर्णय घ्यायला वेळ मिळाला होता की नाही, याला फार महत्त्व असतं. रजा संपण्याच्या आत पोचलेला अर्ज ही मुदतवाढीची विनंती असते. नंतर पोचलेला अर्ज गैरहजेरीचा खुलासा होतो. मजकूर तोच, पण फाईलवर दोन्हींचं वजन वेगळं.

पहिला फोन कार्यालय प्रमुखांना, दुसरा आस्थापना शाखेच्या लिपिकाला. फोननंतर लगेच लेखी संदेश. बहुतेक जण पाठवतात तो संदेश असा असतो: ‘सर, विमान कॅन्सल झाले आहे, यायला उशीर होईल, कृपया समजून घ्या.’ यात साहेबांना उपयोगी पडेल असं काहीच नाही. किती उशीर? टेबलावर काय पडलंय? पुढची खबर कधी? आपल्या लिपिकाने ५ तारखेच्या दुपारी पाठवावा तो संदेश असा:

‘सर, नमस्कार. आज ५ तारखेचे आमचे गुवाहाटी–हैदराबाद विमान रद्द झाले. कंपनीने ९ तारखेच्या विमानात जागा दिली आहे. हैदराबादहून परभणीला १० तारखेला पोचेन, ११ तारखेला सकाळी रुजू होईन. ८ ते १० हजर राहू शकत नाही. मुदतवाढीचा अर्ज व तिकिटे आज संध्याकाळपर्यंत कार्यालयाच्या ईमेलवर पाठवतो. अधिवेशनाच्या तारांकित प्रश्नाची माहिती माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात निळ्या फाईलमध्ये आहे, किल्ली शिपायांकडे आहे. फोन चालू आहे, कधीही करावा.’

तारांकित प्रश्नाचा उल्लेख उगाच नाही. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन त्याच सोमवारी, ८ डिसेंबरला, नागपूरला सुरू झालं. अशा दिवसांत कार्यालयाची खरी पंचाईत माणूस नसल्याने कमी आणि फाईल न सापडल्याने जास्त होते. ती कुठे आहे हे सांगितलं की साहेबांचा निम्मा राग तिथेच उतरतो. हा माझा अंदाज नाही, कुठल्याही आस्थापना लिपिकाला विचारा. त्या काळात तुमच्याकडे निवडणुकीचं किंवा परीक्षेचं काम असेल, तर ती नेमणूक ज्याने दिली त्यालाही वेगळं कळवावं लागतं. आपल्या कार्यालयाला सांगितलं म्हणजे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यालाही समजलं, असं होत नाही.

संदेशात ११ तारीख का, १० का नाही? विमान ९ ला संध्याकाळी हैदराबादला उतरलं तर रात्रभर प्रवास करून १० ला सकाळी परभणीत पोचता येईल आणि धावतपळत कार्यालयही गाठता येईल. कागदावर जमतं. पण त्या आठवड्यात पर्यायी विमानंही उशिरा सुटत होती, काही पुन्हा रद्द होत होती. १० म्हणून कळवलं आणि चुकलं, तर दुसरी मुदतवाढ मागावी लागते. पहिल्या विनंतीकडे सहानुभूतीने पाहिलं जातं, दुसरीकडे संशयाने. एक दिवस हाताशी ठेवून तारीख सांगणं शहाणपणाचं. लवकर पोचलात तर उरलेली रजा रद्द करून आधी रुजू होता येतं, फक्त त्यासाठीही मंजुरी देणाऱ्याची परवानगी लागते. मनाने येऊन हजेरीपटावर सही करायची नाही. मे २०२५ मध्ये याची उलटी बाजू दिसली होती. श्रीनगरसह उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ १५ मेपर्यंत नागरी विमानांना बंद राहतील असं जाहीर झालं, आणि प्रत्यक्षात ते १२ मे रोजीच उघडले. त्यामुळे सोळा-सतरा तारीख कळवलेल्या माणसाला चार दिवस आधी परतीची वाट मोकळी झाली.

आता हिशेबाकडे येऊ, कारण सर्वांत मोठा धक्का इथे बसतो. लिपिकाला वाटतं, पाच दिवस आधीचे आणि ८, ९, १० असे तीन, मिळून आठ दिवस अर्जित रजा खर्ची पडली. प्रत्यक्षात दहा पडतात. सुट्ट्या रजेच्या आधी किंवा नंतर जोडून घेता येतात, पण रजेच्या मध्ये आलेली सुट्टी रजेतच मोजली जाते. मूळ रजा ५ तारखेला संपत होती तोवर ६ आणि ७ हे शनिवार-रविवार रजेच्या शेवटी जोडलेले होते, म्हणून फुकट होते. रजा १० पर्यंत वाढली आणि तेच दोन दिवस मध्ये सापडले. म्हणून अर्जात ‘८ ते १०, तीन दिवस’ असं न लिहिता ‘६ ते १०, पाच दिवस’ लिहायचं. तीन लिहिलं तर आस्थापना शाखा अर्ज परत पाठवते, किंवा स्वतः दुरुस्ती करते आणि कर्मचाऱ्याला ते सेवापुस्तक पाहताना कळतं.

यावर लगेच सुचणारा उपाय म्हणजे ‘ते तीन दिवस किरकोळ रजा टाकतो.’ हे चालत नाही. किरकोळ म्हणजे नैमित्तिक रजा वर्षाला आठ दिवस मिळते आणि ती अर्जित रजेला जोडता येत नाही. डिसेंबरात तशीही कोणाकडे फारशी उरलेली नसते. अर्जित रजा मात्र साधारणपणे शिल्लक असते, कारण वर्षाला तीस दिवस, जानेवारी आणि जुलैत पंधरा-पंधरा अशी ती जमा होते. ती संपली असेल तर अर्धवेतनी रजा मागायची. तीही नसेल तर असाधारण रजा, म्हणजे बिनपगारी. कोणती हवी ते अर्जातच लिहावं, कारण न लिहिल्यास ठरवणारा दुसरा असतो. आणि मुदतवाढ अजिबात मंजूर झाली नाही, तर त्या दिवसांचा रजा-पगार मिळत नाही, शिवाय ते दिवस अर्धवेतनी रजेच्या खात्यातून, जितके शिल्लक असतील तितके, वजा होतात. मुद्दाम गैरहजर राहिल्याचा ठपका आला तर शिस्तभंगाची कारवाईही होऊ शकते. विमान रद्द झालेल्या माणसावर हा ठपका सहसा येत नाही, पण तो का येऊ नये हे कागदाने दाखवायचं असतं.

अर्ज साधा असावा. सरकारी भाषेतला, पण एका पानाच्या आतला:

‘प्रति, मा. कार्यालय प्रमुख (योग्य मार्गाने).
विषय : अर्जित रजेस दि. ०६/१२/२०२५ ते दि. १०/१२/२०२५ मुदतवाढ मिळणेबाबत.
संदर्भ : माझ्या रजा मंजुरीचा कार्यालयीन आदेश.
महोदय, मला दि. ०१/१२/२०२५ ते दि. ०५/१२/२०२५ अर्जित रजा मंजूर असून दि. ०८/१२/२०२५ रोजी कर्तव्यावर रुजू होणे अपेक्षित होते. परतीचे दि. ०५/१२/२०२५ रोजीचे गुवाहाटी–हैदराबाद विमान कंपनीने रद्द केले असून दि. ०९/१२/२०२५ रोजीच्या विमानात पर्यायी आसन दिले आहे. रेल्वेने तत्काळ परतण्यासाठी निश्चित आरक्षण उपलब्ध झाले नाही. सबब दि. ०६/१२/२०२५ ते दि. १०/१२/२०२५ (५ दिवस) अर्जित रजेस मुदतवाढ व मुख्यालयाबाहेर राहण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. मी दि. ११/१२/२०२५ रोजी कार्यालयीन वेळेत रुजू होईन. या कालावधीतील पत्ता व दूरध्वनी खाली दिला आहे.
सोबत : मूळ तिकीट, रद्द झाल्याचा संदेश, पर्यायी तिकीट, रेल्वेच्या प्रतीक्षा यादीचे तिकीट.’

रेल्वेचं ते एक वाक्य गाळू नका. अर्ज वाचताना साहेबांच्या मनात पहिला प्रश्न तोच येतो: विमान नाही तर रेल्वेने का नाही आलात? गुवाहाटीहून सिकंदराबादला रेल्वेने साधारण दोन दिवस लागतात. निश्चित आरक्षण मिळालं असतं तर आपला लिपिक कदाचित सोमवारी रात्री किंवा मंगळवारी परभणीत आला असता. नाही मिळालं, तर त्याचा पुरावा म्हणजे प्रतीक्षा यादीचं तिकीट किंवा आरक्षणाच्या संकेतस्थळावरचं त्या दिवशीचं चित्र, मोबाईलवर टिपून ठेवलेलं. दुसरा प्रश्न, दुसऱ्या कंपनीचं विमान का नाही घेतलं? त्या दिवसांत भाडी इतकी चढली की ६ डिसेंबरला केंद्र सरकारला कमाल भाडं ठरवावं लागलं. दीड हजार किलोमीटरपेक्षा लांबच्या उड्डाणाला १८ हजार रुपये, शिवाय कर. चार माणसांच्या कुटुंबाला बहात्तर हजारांच्या वर. एवढा खर्च करून दोन दिवस आधी या, असं कोणताही समजूतदार अधिकारी म्हणत नाही. पण आकडा अर्जात न घालता विचारल्यावर तोंडी सांगावा. अर्ज लांबला की सफाई दिल्यासारखा वाटतो.

पुराव्यांत मूळ तिकीट सर्वांत मोलाचं आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. रद्द झाल्याचा संदेश विमानाबद्दल सांगतो. मूळ तिकीट तुमच्या हेतूबद्दल सांगतं. परतीचं आरक्षण रजेच्या आतलं, आणि रजेवर जाण्यापूर्वी केलेलं होतं, हे त्यातून दिसतं. म्हणजे वेळेत यायचं ठरलंच होतं. ज्याचं मूळ तिकीटच ८ तारखेचं होतं त्याची बाजू मात्र लंगडी पडते, मग विमान खरोखर रद्द झालं असलं तरी.

परभणीसारख्या ठिकाणी आणखी एक घोळ होतो. तिकिटं एजंटाने किंवा सहल कंपनीने काढलेली असतात, त्यामुळे आरक्षणावर मोबाईल नंबर आणि ईमेल त्यांचा असतो. रद्द झाल्याचा संदेश तुमच्याकडे येतच नाही. एजंटाने फोनवर ‘फ्लाईट गेली’ एवढं सांगितलं तर ते कार्यालयात दाखवता येत नाही. त्याच्याकडून मूळ संदेश आणि ईमेल जसेच्या तसे पुढे पाठवून घ्या, ज्यात आरक्षण क्रमांक, तुमचं नाव आणि तारीख दिसते. विमानतळावर असाल तर कंपनीच्या काउंटरवर उड्डाण रद्द झाल्याचं प्रमाणपत्र मागा, मागितल्यावर ते सहसा ईमेलवर मिळतं. गर्दीत जमलं नाही तर नंतर कंपनीच्या ग्राहक सेवेकडूनही मिळवता येतं.

खासगी नोकरीत आधी नियुक्तीपत्र आणि रजा धोरण पाहायचं. काही कंपन्यांत शनिवार-रविवार रजेत धरण्याची तीच पद्धत आहे, तिला तिथे सँडविच म्हणतात; काही ठिकाणी ती नाही. दुकानं, कार्यालयं यांच्यासाठीच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत, आणि इथे त्या लागू करायला मालक तयार असेल तर अडचण नसते. कारखान्यांच्या स्थायी आदेशांत मात्र अनेक वर्षं एक कडक कलम राहिलं आहे: रजा संपल्यापासून आठ दिवसांत परत येऊन समाधानकारक कारण दिलं नाही तर नोकरीवरचा हक्क जातो. अशाच कलमावरून चौकशी न करता कामगाराला काढून टाकणं सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये डी. के. यादव विरुद्ध जे.एम.ए. इंडस्ट्रीज या खटल्यात बेकायदा ठरवलं. त्याचा आधार आहे, पण तिथवर जायची वेळ आणू नये. आठ दिवसांच्या आत लेखी कळवलेलं असणं, आणि त्याची पोच जवळ असणं, हे त्यापेक्षा फार स्वस्त पडतं. फोन कितीही केले तरी पोच ईमेलचीच.

एक छोटी गोष्ट, हसण्यावारी नेऊ नका. मुदतवाढीचा अर्ज पाठवल्यावर उमियम तलावावर नावेत बसलेला फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकणारे लोक असतात. अडकलेल्या दिवसांत फिरायला कोणाचीच बंदी नाही. पण आस्थापना लिपिकाच्या मोबाईलमध्ये तुमचा नंबर आहे.

११ तारखेला रुजू झाल्यावर काम संपत नाही. रुजू अहवाल त्याच दिवशी द्यायचा, त्यात ‘मुदतवाढ रजेनंतर आज रोजी पूर्वान्ह रुजू’ अशी नोंद हवी. बोर्डिंग पासची प्रत सोबत जोडायची, म्हणजे ९ तारखेला खरोखर प्रवास झाला हे दिसतं. मुदतवाढीचा आदेश लेखी निघाला आहे का हे आठ-दहा दिवसांनी विचारायचं; तोंडी ‘होऊन जाईल’ यावर अनेकांच्या रजा वर्षानुवर्षं लटकल्या आहेत. तो आदेश निघेपर्यंत ते पाच दिवस कागदावर गैरहजेरीचेच असतात. आणि आदेश निघाला की सेवापुस्तकातलं रजा खातं मागून पाहा: १ ते १० डिसेंबर, दहा दिवस अर्जित रजा, एवढीच नोंद असली पाहिजे. वेगळं काही दिसलं तर तेव्हाच अर्ज द्या, कारण निवृत्तीच्या वेळी ती दुरुस्त करायला त्या कार्यालयातलं कोणीच ओळखीचं उरलेलं नसतं.